मॉनिटर अचानक पिवळा पडला? मेनूतून रंग पूर्ववत असा करा

गेल्या महिन्यात भाच्याने मॉनिटर पुसताना खालची बटणं दाबली आणि पांढरी पानं हळदीत बुडवल्यासारखी दिसायला लागली. ताईने कॉम्प्युटर तीनदा रीस्टार्ट केला, काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण मॉनिटरची सेटिंग मॉनिटरमध्येच साठवलेली असते. विंडोज नव्याने टाकलं तरी ती तशीच राहते.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. विंडोजमधलं Night light सुरू असेल तरी पडदा पिवळसर दिसतो, म्हणून ते बंद करून बघा. मग त्याच केबलने दुसरा लॅपटॉप जोडा. तिथेही पिवळंच दिसलं, तर आता मॉनिटरची बटणं.

बटणं खालच्या कडेला किंवा मागे असतात. काही मॉनिटरवर त्यांऐवजी मागे एकच छोटी जॉयस्टिक असते. मेनू उघडला की प्रत्येक बटणाजवळ पडद्यावर चिन्ह येतं आणि त्या क्षणी ते बटण तेच काम करतं. हात थांबला की मेनू काही सेकंदांत आपोआप जातो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुन्हा उघडायचा. "OSD Locked" असं दिसलं तर बटणांना कुलूप लागलंय. बऱ्याच मॉनिटरवर मेनूचं बटण साधारण १० सेकंद दाबून ठेवलं की ते निघतं.

आता Color मध्ये जा. ताईच्या मॉनिटरवर तिथे User निवडलेलं होतं आणि लाल १००, हिरवा १००, निळा मात्र ०. निळा गेला की पांढऱ्यात लाल आणि हिरवा उरतात, आणि त्यांचं मिश्रण पिवळं दिसतं. निळा १०० केला आणि पानं पांढरी झाली. नेमकी चूक सापडली, तर एवढंच करा.

ती सापडली नाही, तर सगळंच रीसेट करावं लागतं. डेलवर Factory Reset, सॅमसंगवर Reset All, एलजीवर Reset to Initial Settings अशा नावाने हा पर्याय असतो, बहुतेकदा मेनूच्या शेवटच्या भागात. तो दाबण्याआधी मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण रंगाबरोबर तुम्ही लावलेला ब्राइटनेसही पुसला जातो. मेनूच चिनी किंवा जर्मन झाला असेल तर Deutsch, Français अशा नावांची यादी शोधा. त्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, त्यामुळे English लगेच ओळखू येतं.

रंगाचे आकडे राखाडी दिसत असतील आणि हलत नसतील, तर बहुधा sRGB सारखा तयार मोड लागलेला असतो. आधी मोड बदला.

रीसेटनंतरही पिवळं राहिलं आणि निळ्या टोकाची जुनी व्हीजीए केबल असेल, तर ती काढून पिना बघा. निळा रंग तिसऱ्या पिनेतून येतो. ती वाकली किंवा तुटली तरी पडदा असाच पिवळा दिसतो, आणि तेव्हा मेनू नाही, केबल बदलायची.