महिना ८ टक्के देणारी स्कीम समोर आली तर काय काय विचारायचं

माझा भाचा इंदूरलाच असतो, पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, चार वर्षं पगारातून वाचवून त्याने १ लाख ८० हजारांची एफडी केली होती आणि ती तो मोडायला निघाला होता. शाळेतल्या एका मित्राने त्याला विजय नगरच्या एका ऑफिसात नेलं, तिथे सांगितलं की महिना ८ टक्के, स्टॅम्प पेपरवर ॲग्रीमेंट, पुढच्या तारखेचा चेक हातात. आधी १० हजार टाकून बघ म्हणाले, त्याने टाकले, महिना झाला आणि ८०० रुपये बरोब्बर खात्यात आले. मग फोन सुरू झाले की शनिवारपर्यंत मोठी रक्कम टाकली तर १० टक्क्यांचा स्लॅब मिळेल. नशीब की एफडी मोडायच्या आधी तो घरी आला आणि म्हणाला, "मामा, एकदा बघून घ्या ना."

आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. तेव्हा जे केलं तेच त्याच क्रमाने लिहितोय, तुमच्या घरात कोणी अशा स्कीमबद्दल बोलत असेल तर त्याच्या शेजारी बसून हेच करा.

पहिलं म्हणजे हिशोब, तोही मोबाईलवर स्वतः करायचा, त्यांचा छापील तक्ता बघायचा नाही. महिना ८ टक्के म्हणजे वर्षाला साधे ९६ टक्के. व्याज परत तिथेच टाकत गेलो तर १ लाख ८० हजारांचे वर्षात साडेचार लाख होतात, आणि पाच वर्षांत १ कोटी ८० लाखांच्या वर जातात. भाचा दोन मिनिटं गप्पच बसला. मग मी विचारलं, ज्याला महिन्याला ८ टक्क्यांहून जास्त कमवता येतं तो बँकेकडून वर्षाला १२-१४ टक्क्यांनी कर्ज का घेत नाही, तुला ९६ टक्के द्यायला का तयार आहे? ठेवी घ्यायची परवानगी असलेल्या फायनान्स कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने वर्षाला जास्तीत जास्त १२.५ टक्के व्याजाची मर्यादा घातलेली आहे. हाच प्रश्न त्याने नंतर ऑफिसात विचारला तेव्हा उत्तर मिळालं की आमचे ट्रेडर फार एक्सपर्ट आहेत, पण कशात ट्रेड करतात, कुठल्या डीमॅट खात्यातून, मागच्या वर्षाचा ऑडिट झालेला हिशोब कुठे आहे, यातलं काहीच कोणी दाखवलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते आलेले ८०० रुपये, आणि इथेच सगळे फसतात. भाचा म्हणत होता, "पण मामा, पैसे तर आले ना." अरे, पण आले कुठून? १ लाख ८० हजारांवर ८ टक्के म्हणजे महिन्याला १४,४००. समोरच्याने काहीही धंदा केला नाही, तुझे पैसे नुसते कपाटात ठेवले, तरी तो तुला तुझ्याच पैशातून बारा महिने हप्ता देऊ शकतो. त्यांचा लॉक-इन होता ११ महिन्यांचा, तोवर सगळे हप्ते वेळेवर मिळाले असते तरी हातात आले असते १ लाख ५८ हजार ४००, म्हणजे स्वतःची मुद्दलसुद्धा पूर्ण नाही! त्यात मधेच नवीन माणसं आली की त्यांच्या पैशातून जुन्यांना देता येतं, म्हणून तर मित्राला नवीन माणूस आणल्यावर ५ टक्के कमिशन होतं, भाच्याच्या एफडीवर त्याला ९ हजार मिळणार होते. तेव्हा सुरुवातीचे दोन-चार हप्ते आले यावरून काहीही सिद्ध होत नाही. मुद्दलसुद्धा एकदा परत दिली तरी होत नाही, कारण १० हजार परत करून पावणेदोन लाख मिळत असतील तर ते कोणीही करेल.

तिसरं, भिंतीवरची सर्टिफिकेटं. तिथे कंपनी रजिस्ट्रेशन, जीएसटी नंबर आणि सेबीच्या नावाचा एक नंबर असं सगळं फ्रेम करून लावलेलं होतं, भाच्याने फोटो काढून आणले ते चांगलं केलं. कंपनी रजिस्टर आहे म्हणजे फक्त ती अस्तित्वात आहे, लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी त्यातून मिळत नाही, जीएसटीचंही तेच. कंपनीचा २१ अक्षरांचा नंबर असतो, त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतरचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष. ब्रोशरमध्ये १५ वर्षांचा अनुभव लिहिलेला आणि नंबरात वर्ष मागचंच! mca.gov.in वर कंपनीचा मास्टर डेटा उघडला तर भरलेलं भांडवल फक्त १ लाख दिसलं.

सेबीचा नंबर INA ने सुरू होत होता. तो गुंतवणूक सल्लागाराचा असतो, असा सल्लागार फी घेऊन सल्ला देऊ शकतो पण तुमचे पैसे स्वतःकडे घेऊन गुंतवू शकत नाही आणि खात्रीचा परतावा तर कबूलच करू शकत नाही. पोर्टफोलिओ मॅनेजर पैसे सांभाळतो, पण तिथे कमीत कमी ५० लाख लागतात. sebi.gov.in वर नंबर टाकून बघितला तर तो भलत्याच नावावर निघाला. ठेव घ्यायची परवानगी कोणाला आहे ते sachet.rbi.org.in वर शोधता येतं. एक लक्षात ठेवा, कुठल्या इशाऱ्याच्या यादीत नाव नाही म्हणून ती कंपनी चांगली असं नाही, परवानगी असलेल्यांमध्ये नाव आहे का हे बघायचं.

स्टॅम्प पेपरबद्दल थोडक्यात. नोटरी केलेलं ॲग्रीमेंट म्हणजे तुम्ही पैसे दिल्याचा पुरावा, त्याने स्कीम कायदेशीर होत नाही, आणि पुढच्या तारखेचा चेक त्या दिवशी खात्यात पैसे असतील तरच वटतो. पैसे कोणाच्या नावावर जातायत तेही बघा, भाच्याचे १० हजार कंपनीच्या नाही तर कुणा माणसाच्या सेव्हिंग खात्यात गेले होते.

शेवटी तो ऑफिसात जाऊन एवढंच बोलला की परवानगीचा कागद द्या, घरी दाखवतो आणि मग ठरवतो. त्यावर आधी गोड बोलले, मग म्हणाले तुझ्या मामाला मार्केट कळत नाही, मग शनिवारची मुदत पुढे ढकलली. कागद आलाच नाही. एफडी वाचली, १० हजार अडकले, पुढच्या महिन्याचे ८०० आले आणि त्यानंतर बंद. मित्राला मी स्वतः भेटलो, त्याने घरच्यांचे पैसेही टाकले होते. त्याला सांगितलं की आता एकही माणूस आणू नकोस, अशा केसमध्ये एजंटांवरही गुन्हे दाखल होतात, २०१९ च्या कायद्याने परवानगी नसलेल्या ठेव योजनांवर बंदीच आहे.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन पाठवले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी थांबवता आले तरच काही हाती लागतं, आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. रोख किंवा चेकने दिले असतील तर पोलिस स्टेशनला लेखी द्या आणि सचेत पोर्टलवरही नोंदवा. स्कीमवाल्यांच्या चॅट ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका, आधी चॅट, पावत्या, ॲग्रीमेंटचे फोटो आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर जपून ठेवा, तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मिळतो.