घटना समितीच्या चर्चा वाचताना या चुका टाळा (हिंदीच्या कलमाचं उदाहरण घेऊन)

दर सप्टेंबरात तो मेसेज येतोच. "हिंदी फक्त एका मताने राष्ट्रभाषा झाली." गेल्या वर्षी घरच्या ग्रुपवरही आला आणि त्यावरून दोन काकांमधे चांगलंच वाजलं, तेव्हापासून मनात होतं की हे एकदा नीट लिहून काढायचं. कारण त्या एका ओळीत चुका किमान दोन आहेत आणि दोन्ही चुका घटना समितीचं कुठलंही कलम वाचताना आपण करतो. मी गेली काही वर्षं या चर्चांचे खंड वाचतोय, खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय.

पहिली गोष्ट, राष्ट्रभाषा हा शब्द घटनेच्या भाषेच्या भागात (कलम ३४३ ते ३५१) कुठेच नाही. तिथे आहे ती संघाची राजभाषा, म्हणजे केंद्र सरकारच्या कामकाजाची भाषा. हा शब्दांचा खेळ नाही. राष्ट्रभाषा म्हटलं असतं तर तमिळ, बंगाली, मराठी या मग काय आहेत असा प्रश्न लगेच उभा राहिला असता, आणि तो उभा राहू नये म्हणूनच कामकाजापुरता शब्द आला.

चूक: मतदान कुठे झालं ते न बघणं

एका मताची गोष्ट कुठून आली? खुद्द डॉ. आंबेडकरांनी १९५५ मधे लिहून ठेवलंय की काँग्रेस पक्षाच्या बैठकीत या प्रश्नावर आधी ७८ विरुद्ध ७८ असं बरोबरीत सुटलं आणि नंतर परत मतं घेतली तेव्हा ७८ विरुद्ध ७७ झालं. नीट वाचा, काँग्रेस पक्षाच्या बैठकीत. घटना समितीच्या सभागृहात नाही. फाळणीनंतर घटना समितीत २९९ जागा होत्या, १५५ मतांचा हिशोब बघूनच शंका यायला हवी. शिवाय ते अटीतटीचं मतदान नेमकं हिंदीवर होतं की आकड्यांवर (त्यावर खाली येतोच) याबद्दल अभ्यासकांमधे अजून मतभेद आहेत.

पण यातून कळण्यासारखी मोठी गोष्ट वेगळी आहे. घटना समितीत काँग्रेसचं प्रचंड बहुमत होतं, त्यामुळे वादाचं प्रत्येक कलम आधी पक्षाच्या बंद दाराआड जायचं, तिथे भांडणं व्हायची, मतं घेतली जायची, आणि मग सभागृहात बहुतेक वेळा ठरलेलंच यायचं. त्या बैठकांचा शब्दशः वृत्तांत छापलेला नाही. म्हणून खंडांमधे एखादं कलम अर्ध्या तासात मंजूर झालेलं दिसलं तर "यावर कुणाचा आक्षेपच नव्हता" असं समजू नका, उलट सगळं भांडण आधीच होऊन गेलेलं असण्याची शक्यता जास्त. कसं ओळखायचं? कुणीतरी उभं राहून एकदम पाच-सहा तयार दुरुस्त्या मांडतो, आदल्या दिवशी तावातावाने बोललेले सदस्य आपापल्या दुरुस्त्या मागे घेतात, आणि अध्यक्ष पटापट पुढे जातात. असं दिसलं की समजायचं, सौदा बाहेर झालाय.

चूक: आजचा कलम नंबर टाकून शोधणं

हे छोटंसं आहे पण सगळे इथेच अडकतात. तुम्ही चर्चांमधे "कलम ३४३" शोधलंत तर हिंदीचा वाद सापडणारच नाही, कारण फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ३१५ कलमं होती, शेवटी ३९५ झाली, मधे नंबर सगळे सरकले. भाषेचा भाग तर नंतर घुसवला गेला, म्हणून चर्चेत तो ३०१ए, ३०१बी अशा नंबरांनी येतो. तसंच आजचं कलम २१ म्हणजे मसुद्यातलं १५, आणि आंबेडकरांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटलं ते कलम ३२ त्या दिवशी २५ नंबरचं होतं. आधी जुना नंबर शोधा नाहीतर तारीख धरून जा. भाषेसाठी १२ ते १४ सप्टेंबर १९४९ हे तीन दिवस.

चूक: एकच कलम उचलून वाचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

त्या तीन दिवसांत समोर जो प्रस्ताव होता त्याला मुन्शी-अय्यंगार फॉर्म्युला म्हणतात, कन्हैयालाल मुन्शी आणि एन. गोपालस्वामी अय्यंगार, दोघंही मसुदा समितीच्या सात जणांपैकी. त्यावर तीनशेच्या वर दुरुस्त्या आलेल्या. वातावरण किती तापलं होतं याचा अंदाज यायला मागे जा. १० डिसेंबर १९४६, समिती बसून जेमतेम दुसरा दिवस, आणि झांशीचे आर. व्ही. धुळेकर (हो, आडनाव आपलंच) उभे राहून सांगतात की ज्याला हिंदुस्तानी, म्हणजे हिंदी-उर्दू मिळून झालेली बोलीभाषा, येत नाही त्याला या देशात राहायचा हक्क नाही. पुढे नोव्हेंबर १९४८ मधे मद्रासचे टी. टी. कृष्णम्माचारी तितक्याच स्पष्टपणे सुनावतात की अखंड भारत हवा की हिंदी भारत हवा ते उत्तर प्रदेशातल्या मित्रांनी ठरवावं.

आता एका बाजूला पुरुषोत्तमदास टंडन, सेठ गोविंद दास यांच्यासारखे लोक, ज्यांना हिंदी हवी, देवनागरी हवी, आकडे पण देवनागरीच हवेत आणि इंग्रजी लवकर जायला हवी. दुसऱ्या बाजूला मुख्यतः दक्षिणेतले सदस्य, ज्यांना दिसत होतं की केंद्राच्या नोकऱ्यांच्या परीक्षा उद्या हिंदीत झाल्या तर आपली पोरं पहिल्याच दिवशी मागे पडणार. म्हणजे वाद अभिमानाचा होताच पण पोटाचाही होता.

मग सौदा कसा झाला ते कलमांमधे शोधा. हिंदीवाल्यांना ३४३ मधे नाव मिळालं, संघाची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी. दक्षिणेला त्याच कलमात इंग्रजीची १५ वर्षं मिळाली, आणि आकडेही मिळाले, 1 2 3 वाले. ३४८ मधे सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट आणि कायद्यांचा अधिकृत मजकूर इंग्रजीतच राहिला, आणि तोही १५ वर्षांपुरता नाही, संसद कायदा करून बदलेपर्यंत. ३५१ मधे हिंदीच्या वाढीची जबाबदारी केंद्रावर टाकली आणि शब्द मुख्यतः संस्कृतमधून घ्यावेत असं घातलं, पण तिथेच हिंदुस्तानीचं आणि बाकीच्या भारतीय भाषांचंही नाव ठेवलं, म्हणजे हिंदुस्तानीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही काहीतरी हातात आलं. ३४५ मधे राज्यांना आपापली भाषा ठरवायचा हक्क दिला, आपला १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा कायदा त्याच दाराने आला. नुसतं ३४३ वाचणारा म्हणतो हिंदी जिंकली, नुसतं ३४८ वाचणारा म्हणतो इंग्रजी जिंकली, आणि दोघंही पुस्तक उघडून दाखवू शकतात!

आकड्यांचं वाक्य तर मूळ शब्दांत वाचाच. त्यात इंग्रजी आकडे असं म्हटलेलं नाही, "भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप" असं म्हटलंय. आकडे मूळचे इथलेच, अरबांकडून युरोपात गेले आणि परत आले, तेव्हा हे परके नाहीत असं सांगून हिंदीवाल्यांचा मान ठेवला आणि दक्षिणेला रोज वापरातले आकडे मिळाले. मूळ इंग्रजीतल्या पाच शब्दांत दोन गट बसवलेत. शिवाय १५ वर्षांनंतर देवनागरी आकडे आणायचा कायदा संसदेला करता येईल हीही सोय ३४३ मधेच आहे. २०१६ ला नव्या दोन हजारच्या नोटेवर २००० देवनागरीत छापल्यावर मद्रास हायकोर्टात याचिका गेली, ती याच वाक्यावरून.

चूक: गोलमोल भाषा म्हणजे ढिसाळ मसुदा समजणं

"१५ वर्षं इंग्रजी, आणि त्यानंतर संसद कायद्याने इंग्रजी पुढे चालू ठेवू शकेल." हे काय झालं, जाणार की राहणार? मला पहिल्यांदा वाचताना खरंच वाटलं की लिहिणाऱ्यांनी निर्णयच घेतला नाही. तो घेतला नाही हे खरंच आहे, पण मुद्दाम. १२ सप्टेंबरला चर्चा सुरू करताना राजेंद्र प्रसादांनी सदस्यांना सांगितलं की या प्रश्नावर तुम्ही बहुमताने जिंकलात तरी देशातल्या एखाद्या मोठ्या भागाला ते मान्य नसेल तर अंमल करणं फार कठीण जाईल. हेच कारण. हातात बहुमत असूनही ते वापरायचं नाही, दोघांनाही आपापल्या गावी जाऊन "आपलं झालं" असं सांगता येईल असं वाक्य लिहायचं. उत्तरेत जाऊन सांगा १५ वर्षांत इंग्रजी जाणार, मद्रासला जाऊन सांगा संसद ती ठेवू शकते.

म्हणून असं दुतोंडी वाक्य दिसलं की दोन गोष्टी बघायच्या, निर्णय कुणाकडे ढकलला आणि किती काळाने. इथे संसदेकडे, आणि मधे ३४४ खाली पाच वर्षांनी एक आयोग, दहा वर्षांनी आणखी एक. पहिला आयोग १९५५ ला बसला, अध्यक्ष आपले बाळासाहेब खेर. त्याच्या अहवालात पी. सुब्बरायन आणि सुनीतिकुमार चटर्जी या दोघांनी वेगळी मतं जोडली, म्हणजे १९४९ चा वाद सहा-सात वर्षांनी परत टेबलावर तसाच होता. जाता जाता सांगतो, आठवी अनुसूची म्हणजे "मान्यताप्राप्त भाषांची यादी" असं सगळे म्हणतात, पण घटनेच्या मूळ मजकुरात तिचा उपयोग दोनच ठिकाणी आहे, या आयोगात कुठल्या भाषांचे सदस्य घ्यायचे आणि हिंदीने कुठल्या भाषांतून शब्द घ्यायचे. सुरुवातीला तिथे १४ भाषा होत्या, मराठी पहिल्यापासून, कोंकणी मात्र १९९२ ला आली. या यादीला मान नंतर लोकांनी दिला, आणि त्या मानासाठी कोंकणीवाल्यांना किती वर्षं झगडावं लागलं ते गोव्यात कुणालाही विचारा.

ढकललेल्या प्रश्नाचं पुढे काय होतं तेही इथेच दिसतं. १९६३ च्या राजभाषा कायद्यात लिहिलं की १५ वर्षांनंतरही इंग्रजी वापरली जाऊ शकेल. जाऊ शकेल, म्हणजे "मे", "शॅल" नाही. मद्रासमधे लोकांनी त्या एका क्रियापदावर बोट ठेवलं, की आज ठेवाल, उद्या काढाल. २६ जानेवारी १९६५ ही १५ वर्षं संपायची तारीख, त्याच्या आगेमागे तिथे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, माणसं गेली. मग १९६७ च्या दुरुस्तीत असं घातलं की हिंदी राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या सगळ्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्याशिवाय आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनीही तसा ठराव केल्याशिवाय इंग्रजी काढता येणार नाही. १९४९ ला दक्षिणेच्या सदस्यांना जी खात्री हवी होती ती अठरा वर्षांनी मिळाली, आणि तीही घटनेत नाही, साध्या कायद्यात.