नेल की नेल्लो? पुढचा शब्द बघा

ठाणे लोकलचा पास सॅकमध्ये आहे, हे इटालियनमध्ये सांगायचं तर ‘सॅकमध्ये’ म्हणजे ‘नेल्लो द्झाइनो’. ‘नेल्लो’ हे ‘मध्ये’चा शब्द आणि इंग्रजी ‘द’सारखं उपपद यांचं जोडरूप आहे. पण ‘माझ्या सॅकमध्ये’ म्हणताना ‘नेल मीओ द्झाइनो’ होतं. मराठी प्रत्यय नामाच्या शेवटी लागतो, म्हणून आपली नजर नामावरच राहते आणि ‘नेल्लो मीओ’ अशी चूक होते. लिंग-वचन नामाकडून घ्या, रूप मात्र लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या पहिल्या ध्वनीवरून ठरवा. ‘विद्यार्थ्याचा’ म्हणजे ‘देल्लो स्तुदेन्ते’, पण ‘नव्या विद्यार्थ्याचा’ म्हणजे ‘देल नुओवो स्तुदेन्ते’. ‘माझ्या भावाचा’ इथे मात्र ‘दी मीओ फ्रातेल्लो’ म्हणा. एकवचनी नातेवाइकाच्या ‘माझा-तुझा’आधी उपपद येत नाही, त्यामुळे जोडरूपही नाही. ‘ठाण्यात’लाही तेच: शहराला सहसा उपपद नसतं, म्हणून नुसतं ‘आ ठाणे’.