पेटी घ्यायला निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी घरीच एक काम उरकून घ्या. पेटी, म्हणजे हार्मोनियम, कोणाच्या गळ्यासाठी घेताय, त्याचा स्वर ठरवा. शिकवणाऱ्या बाईंनी किंवा गुरुजींनी 'काळी चारला गा', म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी तुमचा सा, असं सांगितलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ओळखीच्या कुणाच्या पेटीवर बसा. गळ्यातून आरामात निघणारा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर पट्टीवर शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. दुकानात हेच दोन स्वर पहिल्यांदा दाबायचे. त्यांच्या दोन्ही बाजूंना चार-पाच पट्ट्या शिल्लक राहिल्या तर ती पेटी पुरेल. तीन सप्तकांच्या पेटीत ३७ पट्ट्या असतात, साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२. गाण्याची साथ करायची असेल तर मी ४२ पट्ट्यांकडे झुकतो. कारण स्वर एक पट्टी वर-खाली सरकवायची वेळ कधी ना कधी येतेच.

पिशवीत फार काही नको. तंबोरा आणि ट्यूनर असलेला मोबाईल, लहान टॉर्च आणि पातळ कागदाची एक पट्टी, बस. शक्यतो वाजवणारा कुणी तरी बरोबर न्या. पण वाजवून त्यानेच 'छान आहे' म्हणावं आणि तुम्ही पैसे द्यावेत, असं होऊ देऊ नका. चांगला वादक वाईट पेटीतूनही गोड काढतो.

कोणाची पेटी घ्यायची, हा प्रश्न दुकानात शिरण्याआधीचा. मुंबईत दादरच्या हरिभाऊ विश्वनाथ यांचं नाव महाराष्ट्रातल्या बहुतेक गाणाऱ्या घरांत माहीत असतं. कलकत्त्यात पाकराशी आहेत, आणि हाताने भाता मारायची पेटी ज्यांनी घडवली त्या द्वारकिन कंपनीचं गावही तेच. दिल्लीत बीना आणि दिल्ली म्युझिकल स्टोअर्स ही जुनी नावं. (मिरजेला तंबोरा घ्यायला जा, पेटीसाठी नको. ते गाव तारांच्या वाद्यांचं.) नाव मोठं असलं तरी त्यातली प्रत्येक पेटी वेगळी असते, हे लक्षात ठेवा. आणि दर्शनी पट्टीवर पितळी अक्षरांत काय लिहिलंय, त्यावरून ती पेटी कुठे बनली हे कळत नाही. अनेक दुकानं तयार सांगाडा बाहेरून आणतात आणि आपली पाटी लावतात. यात फसवणूकच असते असं नाही, पण प्रश्न विचारायला हवेत. सूर, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या पितळी जिभा, कुठले? सांगाडा कुणी बांधला? सूर जुळवतो कोण, आणि तो माणूस इथेच बसतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिथे जुळवणारा कारागीर मागच्या खोलीत बसलेला असतो, तिथे पेटी उघडून दाखवायला कुणी कुरकुर करत नाही.

सुरांबद्दल एक दंतकथा हमखास ऐकायला मिळते, ती 'अस्सल जर्मन सुरां'ची. जुन्या पेट्यांत ते असतात आणि सुंदर असतात. पण आज नव्या पेटीत जे सूर बसतात, त्यांतले कितीतरी गुजरातमधल्या पालिताण्याचे असतात आणि ते चांगलेही असतात. नव्या पेटीवर कुणी 'जर्मन' म्हणून जास्त पैसे मागितले तर झाकण काढायला सांगा आणि टॉर्च मारून सुराच्या पितळी पट्टीवर ठसा दिसतो का ते बघा. ठसा नसेल तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका. आवाज आवडला असेल तर आवाजाचे द्या.

आता मुख्य गोष्ट. पेटी समोर आली की लगेच 'सा' लावायचा मोह होतो, तो दहा मिनिटं आवरा. आधी हवा तपासायची. पेटीचा जीव पोटातल्या भात्यात असतो. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, आतला भाता ती साठवतो आणि खालच्या कमानी तिला वर दाबत राहतात. म्हणून सगळे स्टॉपर, म्हणजे सुरांकडे हवा सोडणाऱ्या पुढच्या खुंट्या, बंद करा, एकही पट्टी न दाबता बाहेरचा भाता मारत राहा. पोट भरलं की भाता कडक होईल, पुढे जाणार नाही. तसाच हलका दाब देऊन धरून ठेवा. हाताखाली तो हळूहळू बसत गेला तर हवा कुठून तरी निसटते आहे. कागदाची पट्टी भात्याच्या कोपऱ्यांजवळ आणि लाकडाच्या सांध्यांजवळ फिरवा, जिथे ती फडफडेल तिथे गळती.

मग स्टॉपर उघडा आणि तेच पुन्हा करा, पट्टी अजूनही दाबायची नाही. बंद स्टॉपरला भाता टिकला आणि उघड्या स्टॉपरला बसला, तर दोष पट्ट्यांच्या खालच्या झाकणांत आहे. प्रत्येक पट्टीच्या मागे छिद्रावर चामडं लावलेलं झाकण बसतं आणि कमान ते दाबून धरते. चामडं नीट बसलं नाही किंवा कमान ढिली असली की तिथून हवा जाते. कधी कधी एखादा सूर न दाबताच बारीक कण्हत राहतो. हा दोष दुरुस्त होतो, चांगला कारागीर थोड्या वेळात करून देतो. लाकडाचा सांधा किंवा भात्याची घडी गळत असेल तर मात्र ती पेटी तिथेच ठेवा.

भाचीसाठी पेटी घेताना हेच केलं होतं. एका दुकानात साधारण एकाच किमतीच्या तीन पेट्या समोर ठेवल्या होत्या, तिन्ही खर्ज-नर अशा दोन सुरांच्या, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालचा सूर, खर्ज, आणि एक त्याच्या वरच्या सप्तकातला, नर. पहिली सगळ्यात देखणी होती. नऊ स्टॉपर, एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारा कपलर, वर चकचकीत पॉलिश. भाता पूर्ण भरून नुसत्या नराची काळी चार धरली, तर आठ सेकंदांत आवाज बसला. दुसरीने तोच सूर अठरा सेकंद धरला, तिसरीने वीस. पहिलीवर भाची दोन आवर्तनं गायली आणि म्हणाली, "मामा, वाजते छान, पण दमवते." पेटी गळते तेव्हा हात भात्याच्या मागे धावत राहतो आणि गाण्यावरचं लक्ष उडतं. सेकंदांचे हे आकडे कुठल्या नियमाचे नाहीत, प्रत्येक पेटीचं पोट वेगळं असतं. शेजारच्या पेटीशी तुलना एवढाच त्यांचा उपयोग.

हवेत पास झाल्या त्या दोन पेट्या सुरांच्या परीक्षेला बसवल्या. इथे घाई नको. फक्त खर्जाचा स्टॉपर उघडा आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या, अगदी हलक्या हवेवर दाबत जा. सूर लगेच उठतो की क्षणभर अडखळतो? खर्जाचे खालचे तीन-चार सूर थोडे आळशी असतात, ते चालतं. मधला एखादा अडखळला तर ते चालत नाही. कुठे करकर येते का? जीभ फटीच्या कडेला घासली किंवा मध्ये कचरा अडकला की ती येते. एखादा सूर शेजाऱ्यापेक्षा मोठा बोलतो का? मग फक्त नर, पुन्हा तसंच. शेवटी दोन्ही एकत्र. तेव्हा खर्ज आणि नर यांच्यात आवाजाची लाट येत असेल, वॉव-वॉव असं काही तरी, तर दोघं एकमेकांशी जुळलेले नाहीत.

तिसऱ्या पेटीत, ज्या पेटीचा भाता सगळ्यात चांगला होता तिच्यातच, मधल्या सप्तकातल्या चार-पाच स्वरांना अशी लाट होती. कारागिराने ते तिथल्या तिथे जुळवून देतो म्हटलं. जुळवणं म्हणजे जीभ किंचित खरवडणं. टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. नव्या पेटीत एवढं करणं अगदी सामान्य आहे. जुनी पेटी घेत असाल तर मात्र टॉर्च मारून बघा. जिभांवर खरवडल्याच्या दाट रेघा असतील तर ते सूर पुष्कळदा जुळवलेले आहेत, पातळ झालेले आहेत आणि पुढे किती टिकतील याचा भरवसा नाही.

ट्यूनर लावून मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० दाखवते का ते एकदा पाहा (सप्तक खाली असेल तर २२०). तीच पट्टी आधी हलक्या आणि मग जोरात भात्यावर धरा. जोराने सूर थोडा उतरणार, पण कानाला खुपेल इतका उतरू नये. आता एक चूक टाळा. मोबाईलवर तंबोरा लावून पेटीचा शुद्ध गंधार वाजवला की तो चढा वाटेल. तो चढाच असतो, शंभर सेंटच्या अर्ध्या स्वरात साधारण १४ सेंट. बारा समान भागांत जुळवलेल्या कुठल्याही पेटीत तो तसाच येणार, यात कारागिराची चूक नाही. सा आणि पंचम मात्र तंबोऱ्यात विरघळले पाहिजेत, तिथे सवलत नाही.

पट्ट्यांना फार वेळ लागत नाही. सगळ्या एका उंचीवर आहेत का, दाबून सोडल्यावर खटकन आवाज येतो का, शेजारच्या पट्टीला घासतात का, एवढं पुरे. लाकूड सागाचं असलं तर उत्तम. झाकण उघडल्यावर आत कडेने प्लायवूडच्या थरांच्या रेघा दिसल्या तर किंमत कमी व्हायला हवी. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी लाकूड नीट वाळलेलं आहे ना, हे खोदून विचारावं. पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या अडकतात त्या तिथेच.

स्केल चेंजर आणि कपलर नवशिक्याला देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सगळी चौकट सरकते, म्हणजे हवा गळायला आणि पट्टी चुकीच्या सुरावर बसायला आणखी एक जागा. वर वजन वाढतं ते वेगळंच. कपलर लावला की पट्ट्या जड होतात. भाचीने घेतलेल्या तिसऱ्या पेटीत यांतलं काहीच नव्हतं.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या, सुरांचा आणि लाकडाचा प्रकार, आणि पहिली जुळवणी फुकट की पैशाची. नवी पेटी पहिला पावसाळा काढून थोडी हलते, तेव्हा ती एकदा दाखवायला न्यावीच लागते. भाचीची पेटी ऑक्टोबरमध्ये नेली, फक्त दोन सूर सरकले होते. घरी आणताना भात्याची कडी लावून, स्टॉपर बंद करून, आडवी ठेवून आणा. उभी ठेवून गाडीच्या डिकीत कोंबलेली पेटी मी पाहिली आहे, घरी पोचेपर्यंत तिच्या तीन पट्ट्या अडकल्या होत्या.