हत्तीच्या पिल्लाचं नाव: मऊही हवं आणि मोठंही

बाटलीच्या दुधावर वाढलेल्या हत्तीच्या पिल्लाचं चित्रपुस्तक लिहायला घेतलं की पहिला सल्ला मिळतो, 'छोटू ठेव, विरोधाभास गमतीदार वाटतो.' ऐकू नका. तो विनोद दुसऱ्या पानावर संपतो आणि पुस्तक पुढे वीसेक पानं चालायचं असतं. गजराज, ऐरावत वगैरेही नकोत. नव्वद-शंभर किलोचं असलं तरी ते आई हरवलेलं तान्हं आहे, मिरवणुकीतला हत्ती नाही.

आधी ठरवा की नाव कोण ठेवतंय. गोष्टीत ते लेखक ठेवत नाही, रात्री दर दोन-तीन तासांनी उठून दूध पाजणारा माणूस ठेवतो. नैरोबीच्या हत्ती-अनाथालयात पिल्लाला बरेचदा ते सापडलं त्या जागेचं नाव देतात. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. माझी गोष्ट गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पसारख्या ठिकाणी घडते. पिल्लू हस्ताच्या पावसात, म्हणजे गावाकडे ज्याला हत्तीचा पाऊस म्हणतात त्यात सापडलंय आणि त्याला सांभाळणारा चाराकटर, म्हणजे माहुताचा मदतनीस आहे. मग पाऊस, ढग, नदी, मोहाचं झाड असे शब्द कागदावर उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे.

खरी खोडाखोड सुरू होते ती नावाच्या शेपटाशी. मराठीत नावाचा स्वभाव शेवटच्या अक्षरात असतो. 'ऊ' लावला की नाव लाडकं होतं पण आक्रसतं: ढगू, गजू. 'या' लावला की अंगणात हाक मारल्यासारखं वाटतं, आणि हाक मारणारा चिडलेला असेल तर तुच्छताही येते: ढग्या. मोठेपणा आणि माया एकत्र देणारं शेपूट आपल्याकडे एकच आहे, ते म्हणजे 'ओबा'. विठोबा, ज्ञानोबा, चांदोबा, अगदी वाघोबासुद्धा. ज्याच्यापुढे वाकायचं आणि ज्याच्याशी लाडात बोलायचं, असे दोघेही याच रांगेत बसतात. पिल्लू मादी असेल तर 'आई' लावा: विठाई, ज्ञानाई यांच्या चालीवर.

पण 'ओबा' कुठेही चिकटवू नका. गजोबा करून बघा. आजोबांपासून एका अक्षरावर आहे, मुलं हसतात आणि तान्हं पिल्लू म्हातारं होतं. हत्तोबा हे नावच नाही, वाघोबासारखी ती जातीची हाक झाली. हस्तोबात जोडाक्षर आहे, म्हणजे नुकतं वाचायला लागलेलं मूल प्रत्येक पानावर तिथेच अडखळणार. मेघोबा मात्र बसतं. सुरुवातीचा 'मे' ओठ मिटून हळू निघतो, 'घो'ला छाती भरून श्वास लागतो. मायेनं सुरू होऊन मधे फुगणारं नाव.

आता विभक्ती लावा. हा टप्पा गाळून लोक पुस्तक छापून मोकळे होतात. चित्रपुस्तकात नाव एकटं क्वचित येतं. त्याला सतत ला, ने, शी, च्या लागलेलं असतं. 'गज' सुटसुटीत वाटतं, पण 'गजला दूध पाजलं' हे मोठ्यानं वाचा, गझलेच्या मैफलीचा भास होईल. 'ढगा' ठेवलंत तर निम्मे पालक 'ढगाला' वाचतील, निम्मे 'ढग्याला'. मेघोबाला, मेघोबाने, मेघोबाशी: मूळ नाव जागचं हलत नाही. हाकही मारून बघा. नदीपलीकडे हाक द्यायची तर 'मेघोबाऽऽ' लांबवता येतं, आणि दूध पाजताना कानाशी 'मेघू' म्हणता येतं. असं घरगुती छोटं रूप निघत नसेल तर नाव बाद. ते छोटं रूप फक्त सांभाळणाऱ्याच्या तोंडी ठेवा. निवेदनात वापरलंत की हत्ती लहान झालाच.

नाव कोणत्या पानावर द्यायचं? पिल्लू नपुंसकलिंगी आहे हे विसरू नका. 'ते थरथरत होतं', 'ते दूध पीत नव्हतं' असं पाच-सहा पानं चालू द्या. ज्या पानावर ते पहिल्यांदा बाटली रिकामी करतं तिथे नाव द्या, आणि त्याच पानापासून 'ते'चा 'तो' करा. समजावून सांगणारं वाक्य घालू नका, मुलांना कळतं. संपादक 'सगळीकडे एकच सर्वनाम करू' म्हणेल, त्याला नाही म्हणा.

शेवटी अक्षरजुळणी. मुखपृष्ठावरच्या वळणदार अक्षरांत 'घ'चा 'ध' फार पटकन होतो. अक्षरं काढणाऱ्याकडून नाव पुस्तकाच्या प्रत्यक्ष आकारात छापून घ्या आणि पहिली-दुसरीतल्या मुलाला न सांगता वाचायला द्या. त्यानं 'मेधोबा' वाचलं तर टंक बदला, नाव नाही.