वाटपाचा दावा: प्राथमिक हुकूमनाम्यानंतर होणाऱ्या या चुका टाळा

वाटपाच्या दाव्यात कोर्ट दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देते. कोणाचा हिस्सा किती, हे प्राथमिक हुकूमनाम्यात ठरते. त्या हिश्श्यापोटी नेमकी कोणती जागा कोणाकडे जाणार, हे अंतिम हुकूमनाम्यात ठरते. पक्षकारांचे बहुतेक नुकसान या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्याने होते: हिश्श्याबद्दलची तक्रार, प्रत्यक्ष जागा वाटण्यासाठी कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे मांडली जाते आणि जागेबद्दलची तक्रार कोणाकडेच केली जात नाही.

एक उदाहरण घेऊ. वडील 2004 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि 1988 मध्ये लग्न झालेली मुलगी. मिळकत वडिलोपार्जित: गावठाणातले घर आणि शेतजमीन. मुलीने दावा लावला आणि 2017 मध्ये प्राथमिक हुकूमनामा झाला. त्यात हिस्से असे काढले गेले: वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असते तर वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी 1/4 मिळाले असते. वडिलांचा 1/4 मग चार वारसांत वाटला, म्हणजे प्रत्येकी 1/16. मुलीला एवढेच, 1/16. आई आणि मुलगे यांना प्रत्येकी 5/16.

पहिली चूक: अपील पुढे ढकलणे

"अंतिम हुकूमनामा होऊ दे, मग एकदमच अपील करू," असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो घातक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 97 प्रमाणे प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले नाही, तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात त्यातले बरोबर-चूक उकरता येत नाही. एखादी मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, जुने वाटप खरे की खोटे, हे वाद त्याच वेळी जिल्हा न्यायालयात न्यावे लागतात. त्यासाठी मुदत 30 दिवसांची असते.

दुसरी चूक: हिस्से कायमचे गोठले असे समजणे

अपिलाची वाट बंद झाली तरी दावा संपलेला नसतो. अंतिम हुकूमनामा होईपर्यंत तो चालूच असतो, आणि मधल्या काळात कोणी वारले किंवा कायद्याची स्थिती बदलली, तर कोर्ट हिस्से पुन्हा ठरवू शकते, गरज पडल्यास दुसरा प्राथमिक हुकूमनामाही करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने हे 1967 मध्येच मान्य केले आहे.

आपल्या उदाहरणातल्या बहिणीसाठी हाच मुद्दा निर्णायक आहे. 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क असलेली वाटेकरी असते. मुलींना हा हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असण्याची अट नाही. प्राथमिक हुकूमनामा झालेला असला, तरी अंतिम हुकूमनाम्याचे काम प्रलंबित असल्यास तिला मुलाइतकाच हिस्सा द्यायचा. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप पुरे झाले असेल, तर ते उघडता येत नाही.

आता हिशेब बदलतो. मृत्यूच्या क्षणीचे वाटेकरी पाच: वडील, आई, दोन मुलगे, मुलगी. प्रत्येकी 1/5. वडिलांचा 1/5 चौघांत वाटला की प्रत्येकी 1/20 वाढतो. 1/5 अधिक 1/20 म्हणजे प्रत्येकाचा 1/4. बहीण 1/16 वरून 1/4 वर येते. पण हे आपोआप होत नाही. तिने अंतिम हुकूमनाम्याच्या कामात अर्ज द्यावा लागतो आणि सगळ्यांना नोटीस जावी लागते.

त्यानंतर आई मृत्युपत्र न करता वारली, तर तिचा 1/4 तिन्ही मुलांकडे जाऊन प्रत्येकाचा हिस्सा 1/3 होतो. आईचे मृत्युपत्र पुढे आले आणि त्यावर वाद झाला, तर तो निवाडा कोर्टाचाच. कमिशनरला किंवा तहसीलदाराला तो अधिकार नाही.

तिसरी चूक: घर आणि शेत एकाच वाटेने नेणे

ज्या जमिनीवर शासनाला आकार भरावा लागतो, तिचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या हाताखालचे राजपत्रित अधिकारी करतात. कोर्ट फक्त हिस्से जाहीर करून प्रकरण तिकडे पाठवते. व्यवहारात तहसील कार्यालय आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी, मग सरस-निरस पाहून पोटहिस्से, असा क्रम असतो. तुकडा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान पडत असेल, तर तुकडेबंदीचा प्रश्न तिथे येतोच.

घरासाठी मात्र कोर्ट कमिशनर लागतो. दोन्हींसाठी एकच मोघम अर्ज दिला की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

चौथी चूक: कमिशनरच्या नेमणुकीचा हुकूम न वाचणे

मला सगळ्यात दुर्लक्षित वाटते ती ही गोष्ट. संहितेच्या ऑर्डर 26, नियम 13 आणि 14 प्रमाणे कमिशनर, बहुधा एखादे वकील, जागेवर जातो, मोजमापे घेतो, हुकूमनाम्यातल्या हिश्श्यांप्रमाणे भाग पाडतो, चतुःसीमा लिहितो आणि नकाशासह अहवाल देतो. हिस्सा 1/3 चा 1/4 करणे त्याच्या हातात नाही.

घर 24 लाखांचे धरू. तिघांना 8-8 लाखांचे भाग हवेत. पण रस्त्याकडचा भाग 10 लाखांचा, मधला 8 चा आणि मागचा परसाकडचा 6 चा पडतो. समोरचा भाग घेणाऱ्याने मागच्याला 2 लाख दिले की हिशेब जुळतो. असे पैसे ठरवण्याचा अधिकार कमिशनरला नेमणुकीच्या हुकुमाने दिलेला असेल, तरच तो वापरू शकतो. हुकुमात ते नसले, तर तो भिंती वाकड्यातिकड्या नेऊन किमती जुळवायला बघतो आणि जिना एकाकडे, संडास दुसऱ्याकडे असे वाटप हाती येते. म्हणून नेमणुकीच्या वेळीच तो अधिकार मागून घ्या. सामाईक वाट, विहीर, पाण्याची जोडणी यांबद्दलचे निर्देशही तेव्हाच मागा.

कमिशनरच्या भेटीची नोटीस आल्यावर "आम्हाला वाटपच मान्य नाही" म्हणून गैरहजर राहणे हा स्वतःचाच तोटा आहे. तो तुमच्या अनुपस्थितीतही काम पुरे करू शकतो. हजर राहा, कोणी कोणते बांधकाम केले ते दाखवा, म्हणणे लेखी द्या.

अहवाल आला की कोर्ट हरकती ऐकते आणि तो कायम करते, बदलते किंवा रद्द करून नवा कमिशनर नेमते. "अहवाल एकतर्फी आहे" एवढ्या हरकतीचा उपयोग होत नाही. कोणत्या खोलीचे माप चुकले, कोणत्या भागाची किंमत कशावरून कमी धरली, हे लिहा आणि मोजमापाचा कागद जोडा.

घराचे भाग सोयीने पडतच नसतील, तर 1893 च्या वाटप कायद्याप्रमाणे एकूण निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेले वाटेकरी विक्री मागू शकतात. तेव्हा बाकीच्यांना कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घ्यायची संधी असते.

पाचवी चूक: मुदतींची गफलत

अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज करायला मुदतीची अट नाही, कारण दावा चालूच असतो; 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर कोर्टांनी ते काम स्वतःहून पुढे न्यावे असे सांगितले. पण अंतिम हुकूमनामा झाला की ताब्याच्या दरखास्तीसाठी, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्यासाठी, 12 वर्षे सुरू होतात, आणि ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून. मुद्रांक भरायला उशीर केला म्हणून ती तारीख पुढे सरकत नाही, आणि मुद्रांकाशिवाय दरखास्तही पुढे जात नाही. त्यामुळे निकालानंतर लगेच मुद्रांकाची रक्कम काढून घ्या आणि हुकूमनामा त्यावर तयार करून घ्या.