‘महोदय’च्या जागी काय लिहायचं?

“नमस्कार, मी महोदय बोलतेय.” फोनवरच्या बाई हसत होत्या, मला मात्र घाम फुटला. नोकरीचा दुसरा महिना. विज्ञान प्रदर्शनासाठी बेचाळीस शाळांना पत्रं गेली होती. प्रत्येक पत्रावर ‘मा. मुख्याध्यापक’ आणि खाली ‘महोदय,’. बाईंनी तक्रार केली नाही, फक्त शाळा येणार असल्याचं कळवलं. ते जास्त लागलं.

मी लगेच ‘महोदय/महोदया’ केलं. आमच्या जुन्या हेडक्लार्क काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, “अगं, हे पत्र आहे की फॉर्म? लागू नसेल ते त्यांनीच खोडायचं का?” मग मी मायनाच काढून टाकला आणि विषयानंतर थेट मजकूर सुरू केला. तेही त्यांना पटेना. दार न वाजवता घरात शिरल्यासारखं वाटतं म्हणाले. आणि त्यांनीच पेनाने लिहिलं : ‘स.न.वि.वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. वाचणारा बाई की पुरुष, याची त्यात चौकशीच नाही! शाळेत पत्रलेखनाच्या दोन मार्कांसाठी पाठ केलेलं हे, कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आता मी ते पूर्ण लिहिते, कारण नव्या मुलांना आद्याक्षरं कळत नाहीत.

पत्त्यातही बघावं लागतं. जिल्हाधिकारी, शिक्षणाधिकारी, तहसीलदार, सरपंच ही पदं दोघांनाही चालतात. मुख्याध्यापक-मुख्याध्यापिका इथे अडतं. शाळांसाठी मी ‘मा. शाळाप्रमुख’ लिहायला लागले. नाव मिळालं तरी सुटका नाही. किरण, सुमन, शशी. आणि नुसती आद्याक्षरं असली तर बोलायलाच नको. अशा वेळी श्री. की श्रीमती या भानगडीत न पडता ‘मा. किरण जोशी’.

एवढं करूनही माझी फजिती झाली ती क्रियापदाने. मायना निर्दोष आणि तिसऱ्या ओळीत ‘गेल्या वर्षी आपण प्रदर्शनाला आला होतात’. बाई असतील तर ‘आल्या होतात’ हवं. मराठीत ही खोच आहे, पण वाटही आहे : कर्माप्रमाणे बदलणारं क्रियापद घ्यायचं. ‘आपण परीक्षण केले होते’मधलं ‘केले’ परीक्षणाकडे बघतं, आपल्याकडे नाही. विनंतीला तर अडचणच नाही : ‘आपण दहा तारखेपर्यंत कळवावे.’ ‘आपण येता’, ‘आपण आलात’ हेही दोघांना चालतं. म्हणून पाठवण्याआधी मी प्रत्येक ‘होतात’वर बोट ठेवून बघते.

सरकारी कचेरीने ठरावीक नमुनाच दिला असेल, तर मी त्यातला ‘महोदय’ तसाच ठेवते; तिथे सुधारणा केली की अर्ज परत येण्याची धास्ती. शेवटी सही करताना ‘आपली विश्वासू’ लिहिते. तिथे तरी लिंग कोणतं ते मला ठाऊक असतं.